सागवानी टेबल करून घेताय? आधी लाकडाची दिशा आणि ओल बघा

घरात सहा माणसांचं जेवणाचं टेबल करायचं, तेही प्लायचं नाही, भरीव सागाचं, असं ठरवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. टेबल तुम्ही स्वतः करणार असाल किंवा मिस्त्रींकडून करून घेणार असाल, दोन्हीकडे तो कामाला येईल. रंधा कसा मारायचा हे इथे नाही. पहिल्या उन्हाळ्यात टेबलाच्या मधोमध जाणारी तड, पावसाळ्यात फुगून वर उचललेली कड, ओढताना सांध्यापाशी मोडलेला पाय, यांचं मूळ कुठे असतं आणि ते आधीच कसं टाळायचं, एवढंच सांगतो.

मूळ एकच आहे. लोखंड किंवा काच सगळ्या दिशांना सारखी वागते, लाकूड तसं वागत नाही. त्याच्या पेशी लांबट नळ्यांसारख्या असतात आणि त्यातल्या बहुतेक खोडाच्या उंचीच्या दिशेने उभ्या असतात. पेशीच्या भिंतीतले सेल्युलोजचे बारीक धागेही जवळजवळ त्याच दिशेला लागलेले असतात. लाकूड तंतूंच्या लांबीत ओढलं की ताण या धाग्यांवर येतो, आणि ते फार मजबूत असतात. आडवं ओढलं की ताण धाग्यांवर येतच नाही, त्यांना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या कच्च्या बंधांवर येतो. खराट्याच्या जुडीसारखंच आहे हे. जुडी लांबीत खेचून तुटत नाही, पण काड्या बाजूला करायला दोन बोटं पुरतात. तंतूंच्या आडव्या दिशेने ओढल्यावर लाकडाची ताकद उभ्या दिशेच्या विसाव्या भागाइतकी, कधी त्याहूनही कमी भरते.

ओलीचं गणितही याच रचनेतून येतं. पाणी पेशीभिंतीत शिरतं ते धाग्यांच्या मध्ये, आणि त्यांना बाजूला सारतं. त्यामुळे लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणजे लाकूड ज्या दिशेने कच्चं असतं, त्याच दिशेने ते हलतं. टेबलाची बहुतेक दुखणी या दोन गोष्टी एका ठिकाणी आल्यामुळे होतात. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये हेच डोक्यात ठेवा.

काय काय हाती हवं

- पट्टी, गुण्या आणि मेजर टेप
- पिनांचा मॉइश्चर मीटर (असला तर उत्तम, नसला तरी चालेल)
- ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आणि घरचा ओव्हन
- शाईचं पेन आणि बारीक टोकाची सुई किंवा दाभण
- वखारीतून घ्यायच्या मालाची यादी: किती फळ्या, कुठल्या मापाच्या, आणि प्रत्येक कुठे लागणार

शेवटची ओळ बरेच जण सोडून देतात. कुठली फळी कुठे जाणार हे माहीत नसेल, तर तिचे तंतू कुठल्या दिशेला असायला हवेत हे वखारीत उभं राहून ठरवता येत नाही.

१. फळीचं टोक वाचायला शिका

फळी हातात घेतली की आधी तिचा मोठा भाग बघू नका, टोक बघा. तिथे वार्षिक वलयांच्या कमानी दिसतील. त्यावरून फळी खोडातून कशी कापली ते कळतं.

कमानी फळीच्या रुंदीला साधारण समांतर असतील, तर फळी वलयांना स्पर्श करून कापलेली आहे. बाजारातला बहुतेक माल असाच असतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर डोंगरासारखी सुंदर नक्षी येते. वलयं फळीच्या जाडीत उभी दिसत असतील, तर ती खोडाच्या मध्यापासून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेने कापलेली आहे. तिच्यावर सरळ रेषा दिसतात. हा माल कमी निघतो आणि महाग पडतो.

फरक दिसण्यापुरता नाही. ओलं सागवान पूर्ण कोरडं केलं तर वलयांच्या दिशेने ते सुमारे ५.८ टक्के आकसतं, त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के. खोडाच्या मध्यापासून बाहेर जाणारे किरणपेशींचे पट्टे त्रिज्येच्या दिशेचं आकसणं रोखून धरतात, हे त्याचं एक कारण. लांबीत आकसणं साधारण ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे जवळजवळ शून्य.

या दोन आकड्यांमधल्या तफावतीमुळेच पहिल्या प्रकारची फळी वाकते. सुकताना वलयांच्या कमानी सरळ व्हायला बघतात आणि फळी सालीच्या बाजूला खोलगट होते. म्हणून टेबलाच्या वरच्या भागाला ३०० मिमीच्या तीन रुंद फळ्यांपेक्षा १०० ते १२५ मिमीच्या आठ-नऊ पट्ट्या जोडणं मला बरं वाटतं. प्रत्येक पट्टीचा वाक लहान राहतो.

सापळा: ज्या तुकड्यात खोडाचा अगदी मधला बिंदू आलाय, तो पायासाठीसुद्धा घेऊ नका. त्या बिंदूभोवती वलयं पूर्ण गोल असतात. परीघ त्रिज्येच्या दुपटीहून जास्त प्रमाणात आकसू पाहतो, पण आतला भाग तेवढा लहान होत नाही. परिघाला फाटण्यावाचून पर्याय उरत नाही. वखारीतल्या सुकलेल्या गोल ओंडक्यांच्या टोकांवर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या चिरा दिसतात, त्या अशाच पडतात.

२. तंतूंचा कल तपासा

पायासाठी आणि लांब पट्ट्यांसाठी तंतू तुकड्याच्या लांबीला समांतर हवेत. तिरके असतील तर भार पडल्यावर ताणाचा काही भाग आडव्या, कच्च्या दिशेने जातो. वाकवण्याच्या चाचण्यांमधून आलेलं प्रमाण असं आहे: तंतू २० इंचात १ इंच सरकत असतील, तर सरळ तंतूंच्या तुलनेत सुमारे ९३ टक्के ताकद उरते. १० इंचात १ इंच सरकत असतील तर सुमारे ८१ टक्के, आणि ५ इंचात १ इंच असतील तर जेमतेम ५५ टक्के. २० आणि १० मधला फरक चालवून घेता येतो. ५ पाशी मात्र पाय जवळजवळ निम्मा झालेला असतो, आणि बाहेरून तो तितकाच जाड दिसतो.

कल मोजताना बहुतेकांची गल्लत होते, कारण ते पृष्ठभागावरच्या नक्षीला तंतू समजतात. नक्षी म्हणजे वलयांचा छेद. तंतू तिच्याशी जुळतीलच असं नाही, विशेषतः झाड पीळ घेत वाढलेलं असेल तर. खरी दिशा कळायला चार खुणा आहेत. सागात उघड्या डोळ्यांना दिसणारे बारीक लांबट खळगे असतात. त्या पाणी वाहणाऱ्या नळ्या, आणि त्या तंतूंच्याच दिशेने जातात. सुकताना पडलेल्या केसासारख्या चिरा असतील तर त्याही तंतूंच्याच दिशेने असतात. दोन्ही दिसत नसतील तर साफ भागावर शाईचा एक थेंब ठेवा. तो पसरतो तंतूंच्या दिशेने. सुई हलक्या हाताने ओढली तरी ती तंतूंच्या वाटेने जायला बघते. कल शेजारच्या दोन बाजूंवर तपासा. एका बाजूवर सरळ दिसलेलं लाकूड दुसरीवर तिरकं निघू शकतं.

३. ओल मोजा, सांगण्यावर जाऊ नका

वखारीत विचारलं तर माल कायम सुकलेलाच असतो. देशी साग घ्या, चंद्रपूर-बल्लारशाकडचा घ्या किंवा बाहेरून आयात झालेला घ्या, ओल मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

ओल म्हणजे लाकडातल्या पाण्याचं वजन भागिले पूर्ण कोरड्या लाकडाचं वजन. भागायचं कोरड्या वजनाने, ओल्या नव्हे. पद्धत अशी: फळीच्या टोकापासून निदान ३०-४० सेंमी आत जाऊन, पूर्ण रुंदीचा आणि साधारण २० मिमी जाडीचा काप घ्या. टोकाजवळचा घेऊ नका, कारण उघड्या टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने बाहेर जातं आणि टोक नेहमी फळीपेक्षा कोरडं असतं. काप लगेच तोला. मग १०३ अंश सेल्सिअसच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवा आणि दर काही तासांनी तोला. लागोपाठच्या दोन तोलांमध्ये वजन बदललं नाही की थांबा. साधारण एक दिवस जातो.

समजा काप ८७ ग्रॅम होता आणि कोरडा होऊन ७५ ग्रॅम झाला. पाणी १२ ग्रॅम. १२ भागिले ७५ म्हणजे १६ टक्के. ८७ ने भागलं असतं तर १३.८ आले असते, आणि लाकूड आहे त्यापेक्षा कोरडं वाटलं असतं.

पिनांच्या मीटरने हेच काम मिनिटात होतं, पण तीन गोष्टी सांभाळा. मीटर विजेचा रोध मोजतो, म्हणून जातीची दुरुस्ती लावावी लागते आणि ती पुस्तिकेत दिलेली असते. पिना कुठल्या दिशेने टोचायच्या तेही पुस्तिकेत असतं. दिशा बदलली की आकडा बदलतो, कारण वीजसुद्धा तंतूंच्या लांबीत जास्त सहज वाहते. तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची: बाहेरच्या सालपटाची ओल आणि आतली ओल वेगळी असते. फळी मधून कापून ताज्या कापावर मोजा. बाहेर ११ आणि आत १८ निघाले, तर ती फळी तुमच्या घरात येऊन पुढे सुकत राहणार आणि हलत राहणार.

ताकदीसाठीही हा आकडा लागतो. पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी जातं तोवर लाकडाची ताकदही बदलत नाही, मापही बदलत नाही. साधारण ३० टक्क्यांच्या खाली आलं की पाणी पेशीभिंतीतून जायला लागतं. तिथून लाकूड आकसतं आणि घट्टही होत जातं. तंतूंच्या लांबीत दाबल्यावर ओलं सागवान सुमारे ४१ मेगापास्कल ताण झेलतं, तेच १२ टक्के ओलीवर सुमारे ५८.

४. लाकडाला तुमच्या घराची सवय होऊ द्या

लाकूड भोवतालच्या हवेशी ओलीची देवाणघेवाण करतच राहतं. खोलीच्या साधारण तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर लाकूड ७-८ टक्के ओलीवर स्थिरावतं, ६५ टक्क्यांना सुमारे १२ वर, ८० टक्क्यांना सुमारे १६ वर. नागपूरच्या मे महिन्यात आणि रत्नागिरीच्या जुलैत एकच फळी दोन वेगळ्या मापांची असते. भारतीय मानक IS 287 मध्ये याच कारणासाठी आर्द्रतेप्रमाणे देशाचे चार विभाग करून, कुठे किती ओलीचं लाकूड वापरायचं ते दिलेलं आहे.

घरी आणलेल्या फळ्या ज्या खोलीत टेबल राहणार तिथेच रचा. प्रत्येक थरामध्ये एक इंचाच्या पट्ट्या ठेवा, त्या एकाखाली एक यायला हव्यात, नाहीतर फळ्या वाकतील. टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. एका फळीवर खूण करून तिचं वजन आठवड्यातून एकदा लिहून ठेवा. लागोपाठचे दोन-तीन तोल जुळले की कामाला हात घाला. अगदी ओलं लाकूड मात्र खोलीत ठेवून भागत नाही. १८-२० टक्क्यांच्या वरचा माल भट्टीत सुकवून घ्या किंवा परत करा.

५. किती हलणार त्याचा हिशेब करा

आपलं टेबल धरू: लांबी १५०० मिमी, रुंदी ९०० मिमी, पट्ट्या लांबीच्या दिशेने, सगळा माल वलयांना स्पर्श करून कापलेला. पुण्यासारख्या ठिकाणी घरातल्या लाकडाची ओल उन्हाळा ते पावसाळा ५ अंशांनी बदलते असं समजू, म्हणजे ९ वरून १४ टक्के.

हिशेब सोपा आहे. पूर्ण आकसणं ५.८ टक्के, आणि ते ३० अंश ओलीत विभागलेलं धरायचं.

रुंदीतला बदल = ९०० × (५.८ ÷ १००) ÷ ३० × ५ = ८.७ मिमी

पावणेतीन सूत झाले हे. त्रिज्येने कापलेल्या मालाला ५.८ च्या जागी २.५ घाला, उत्तर पावणेचार मिलिमीटर येईल. लांबीत, ०.२ टक्के धरले तरी, अर्धाच मिलिमीटर.

हे ८.७ मिमी अडवले तर काय होईल? ९०० मध्ये ८.७ म्हणजे जवळजवळ एक टक्का. लाकडाची आडव्या दिशेची ताठरता उभ्या दिशेच्या साधारण विसाव्या भागाइतकी असते. सागाची उभी सुमारे १०,७०० मेगापास्कल, म्हणून आडवी ५०० च्या आसपास. त्याचा एक टक्का म्हणजे ५ मेगापास्कल ताण. बहुतेक लाकडं आडव्या ओढीला एवढ्याच किंवा याहून कमी ताणाला फाटतात. लाकूड हळूहळू सैलावून यातला काही ताण सोडतं, म्हणून प्रत्येक अडवलेली फळी तडकतेच असं नाही. पण भरवशाला जागा राहत नाही. तेही आपण लाकूड निर्दोष धरलं आहे. एखादी बारीक चीर असली तर ताण तिथेच गोळा होतो.

६. वरचा भाग सांगाड्याला जखडू नका

टेबलं बहुधा इथेच बिघडतात. वरच्या फळ्या सपाट राहाव्यात म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या गोंद आणि स्क्रूंनी पक्क्या बसवल्या जातात. त्या पट्ट्यांचे तंतू टेबलाच्या रुंदीत असतात, म्हणजे त्या हलत नाहीत. वरचा भाग त्याच दिशेने ८.७ मिमी हलू पाहतो. तड मधोमध किंवा सांध्यात जाते, आणि दोष गोंदाला दिला जातो.

आडवी पट्टी लावा, पण गोंद न लावता. मधला स्क्रू घट्ट ठेवा, म्हणजे हालचाल दोन्हीकडे सारखी वाटली जाईल. बाकीच्यांसाठी पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट खाच करा, लांबी टेबलाच्या रुंदीच्या दिशेने. मध्यापासून ४०० मिमीवरचा स्क्रू किती सरकेल? ८.७ × ४०० ÷ ९०० म्हणजे सुमारे ४ मिमी. ५ मिमीच्या स्क्रूला दोन्ही बाजूंना तेवढी जागा दिली तर खाच १३ मिमीची झाली. खाली वॉशर लावा आणि स्क्रू आवळून टाकू नका. पायांना एकमेकांशी जोडणाऱ्या सांगाड्याच्या आडव्या पाट्यांना वरचा भाग धरायचा असेल, तर पाटीच्या आतून खोबण मारून त्यात सरकणारे लाकडी गुटके बसवा, ते स्क्रूने वरच्या भागात धरा. टेबलाच्या लांब बाजूंच्या पाट्यांपाशी गुटका आणि पाटी यांच्यात ४-५ मिमी फट ठेवा.

काम कुठल्या महिन्यात चाललंय ते मिस्त्रींशी बोला. मे महिन्यात जोडलेलं टेबल पुढे फुगणारच, ऑगस्टमध्ये जोडलेलं आकसणारच. फट त्या बाजूला जास्त ठेवली की झालं.

टोकांना आडवी पट्टी लावून वलयं झाकायची असतील तर हाच नियम: मधल्या १०० मिमीत गोंद, बाकी कुसवाला, म्हणजे खोबणीत शिरणाऱ्या लाकडाच्या जिभेला, फक्त लाकडी खुंटी, आणि कुसवातलं खुंटीचं भोक लांबट. वर्षातले काही महिने ती पट्टी टेबलापेक्षा थोडी लांब किंवा आखूड दिसेल. ते चालवून घ्या.

७. पाय आणि सांधे

सरळ पायात तंतू वरून खाली जातात, भारही तसाच येतो. प्रश्न येतो तो बाक दिलेल्या पायात. रुंद फळीतून वळणाचा पाय कापला की वळणावर तंतू पायाच्या आरपार तिरके जातात आणि तिथे ५ इंचात १ इंचाचा कल सहज होतो. टेबल ओढलं की पाय तिथेच मोडतो, आणि मोडलेला भाग तंतूंच्या रेषेत साफ चिरलेला दिसतो. बाक सौम्य ठेवा, किंवा तंतू वळणाबरोबर वळलेला तुकडा शोधा. दोन्ही जमत नसेल तर वळणावरची जाडी वाढवा.

कुसवाचे तंतू नेहमी पाटीच्या लांबीत असावेत. पाटीचं टोक नुसतं पायाला चिकटवून चालत नाही, कारण उघड्या टोकाच्या तंतूंना गोंद नीट धरत नाही. कुसू खोबणीत गेला की त्याच्या गालांवर लांब तंतूंना गोंद मिळतो. मात्र पाटी १०० मिमीहून रुंद असेल तर एकच रुंद कुसू करू नका. तो पायातल्या तंतूंना आडवा हलतो. मध्ये जागा सोडून दोन अरुंद कुसू करा.

पाय बोल्टने बसवणार असाल तर नटाखाली मोठा वॉशर हवाच. तंतूंच्या आडव्या दाबाला लाकूड लवकर खचतं आणि लहान वॉशर आत रुततो. शिवाय ७५ मिमीचा पाय ५ अंश सुकला की सुमारे ०.७ मिमी बारीक होतो आणि नट ढिला पडतो. तो पुन्हा आवळता येईल अशा जागी ठेवा.

टोकाजवळ स्क्रू मारताना आधी भोक पाडा. पाचरीसारखा घुसलेला स्क्रू तंतूंना बाजूला सारतो आणि टोकापर्यंत चीर नेतो.

पॉलिश वरून जितके हात, तितकेच खालूनही द्या, टोकांना एक जास्त. पॉलिशने ओल येणं-जाणं थांबत नाही, फक्त मंदावतं. एकाच बाजूला दिलं तर दोन बाजू वेगळ्या वेगाने हलतात आणि टेबल वाकतं. काम झालं की मेच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये एकदा टेबलाची रुंदी त्याच दोन खुणांमध्ये टेपने मोजून खालच्या बाजूला पेन्सिलने लिहा. फरक तुमच्या हिशेबाच्या आसपास आला तर स्क्रू सरकतायत. माप बदलतच नसेल आणि मध्ये बारीक चीर दिसायला लागली असेल, तर कुठला तरी स्क्रू जखडलाय. तो अर्धा फेरा सैल करा.